दशांश अपूर्णांकांची चाचणी आणि मार्कांवरून पाडलेले गट

प्रश्न: नवीन धडा सुरू करण्याआधी पाच-दहा मिनिटांची चाचणी घ्यावी, त्यावरून सुरुवात कुठून करायची आणि मुलांचे गट कसे पाडायचे ते ठरवावं, असं प्रशिक्षणात सांगितलं. खरंच उपयोग होतो का? किती प्रश्न काढायचे? मोबाईलवर घेतली तर चालेल का?

उत्तर:

उपयोग होतो. पण मार्क मोजून गट पाडणार असाल तर चाचणी घेऊच नका, त्यापेक्षा सरळ शिकवायला लागा. हे मी इतक्या ठामपणे सांगते कारण कोल्हापुरात सहावीला गणित शिकवताना याच गोष्टीवरून शाळेत माझं बरंच वाजलेलं आहे.

दशांश अपूर्णांकांचं प्रकरण घ्यायचं होतं. आमच्याकडे एक ज्येष्ठ सर होते, त्यांनीच सहावीच्या सगळ्या तुकड्यांसाठी चाचणी काढली होती. सगळे प्रश्न 'मोठी संख्या कोणती' या प्रकारचे, आणि बहुतेक जोड्या ०.४५ आणि ०.६२ अशा. दोन्हीकडे दोन-दोन अंक. अशा जोडीत पॉइंट आहे हे ज्या पोराला दिसतसुद्धा नाही तेही बरोबर उत्तर देतं, कारण त्याच्या लेखी पंचेचाळीस आणि बासष्ट एवढाच मामला. वर्ग सगळा पास. सर म्हणाले, बघा, येतंय पोरांना, थेट बेरीज-वजाबाकीपासून सुरू करा.

मी माझ्या तुकडीपुरती वेगळी चाचणी काढली. आदल्या दिवशीच्या तासाची शेवटची सात-आठ मिनिटं, अर्धा कागद. तीन जोड्या अशा, की कमी अंकांची संख्या मोठी: ०.४ आणि ०.३५, ३.६२ आणि ३.८, ०.२१६ आणि ०.३७. तीन जोड्या उलट, म्हणजे जास्त अंकांची संख्या मोठी: २.५७ आणि २.३, ०.६१४ आणि ०.५२, ४.८६७ आणि ४.५. या सहा जोड्या सरमिसळ करून दिल्या. वर आणखी दोन प्रश्न: ७.४५ आणि ७.४५३ यांत मोठी कोणती की दोन्ही सारख्या, आणि ०.३ व ०.४ यांच्या मधली एक संख्या लिहा.

या जोड्यांमागची कल्पना माझी नाही. मेलबर्न विद्यापीठात के स्टेसी आणि विकी स्टाईनली यांनी मुलं दशांश कसे वाचतात यावर बरंच काम केलंय आणि नेमक्या अशाच जोड्यांची चाचणी बनवली आहे. मुलं आंधळेपणाने चुकत नाहीत, प्रत्येकाचा एक नियम असतो आणि तो पोरगं इमानेइतबारे पाळतं, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

आता खरी गोष्ट. दोन मुलींना पहिल्या सहा जोड्यांत तीन-तीन मार्क. एक हुपरीची, घरात चांदीचं काम. तिच्या पहिल्या तिन्ही जोड्या चूक, दुसऱ्या तिन्ही बरोबर. तिला जवळ बोलावून विचारलं, ०.३५ मोठी कशी गं? ती म्हणाली, "बाई, पस्तीस मोठं का चार?" घरी काट्यावर ती रोज २.३५० असं वजन वाचायची, पण तिथे कायम तीनच अंक, त्यामुळे पॉइंटच्या पुढचा आकडा सरळ आकड्यासारखा वाचून तिचं कधी अडलंच नव्हतं. दुसरी मुलगी राजारामपुरीतली, शिकवणीला जाणारी. तिचं नेमकं उलटं: पहिल्या तिन्ही बरोबर, दुसऱ्या तिन्ही चूक. ती म्हणाली, "बाई, शतांश दशांशापेक्षा लहान असतो ना, मग ०.५२ मोठी. ०.६१४ म्हणजे हजारांश, ते तर अगदीच बारीक." ०.४ आणि ०.३५ मध्ये तिचं उत्तर बरोबर होतं, पण ते याच चुकीच्या कारणाने.

सरांनी माझे कागद घेतले, बेरीज केली आणि दोघींना एका बाकावर बसवायला सांगितलं. मधला गट. मी म्हटलं, सर, या दोघींना एकच गोष्ट शिकवता येणार नाही. "मॅडम, तीन मार्क म्हणजे तीन मार्क. पोरांचं मन वाचायला बसलो तर पोर्शन कधी संपायचा?" मुख्याध्यापकांनी त्यांचीच बाजू घेतली. वरच्या गटाला खिडकीकडची रांग, मधल्याला मधली, खालच्याला भिंतीकडची, आणि तीच बसण्याची व्यवस्था वर्षभर. इंग्रजीच्या तासालासुद्धा! भिंतीकडची पोरं 'ढ' हे अख्ख्या शाळेला पाठ झालं.

सरांना तेव्हा पटलं नाही ते इथे सविस्तर लिहिते.

हुपरीच्या मुलीला तुम्ही सांगितलंत की 'शतांश हा दशांशापेक्षा लहान असतो', तर तिला थोडाफार फायदा होईल. हेच वाक्य राजारामपुरीच्या मुलीला सांगितलंत तर तिची चूक आणखी घट्ट होईल, कारण ती त्याच वाक्यावर उभी आहे. तीन मार्कांचा एक गट करून एकच धडा दिला की एकीचं भलं आणि दुसरीचं नुकसान, तेही एकाच तासात. म्हणून कागद तपासताना वर मार्क लिहूच नका. टेबलावर नुसते ढीग करा. 'लांब ती मोठी' म्हणणारे एका बाजूला, 'आखूड ती मोठी' म्हणणारे दुसऱ्या बाजूला, सहाही बरोबर असलेले तिसरीकडे. तिन्हीतल्या एखाद्या जोडीत घसरलेलं पोर त्याच्या नेहमीच्या ढिगातच ठेवा, ती नजरचूक असते. ज्यांचा काहीच मेळ लागत नाही त्यांना दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं तोंडी विचारा.

एका प्रकारच्या तीन-तीन जोड्या कशासाठी, तर अंदाजपंचे ठोकणाऱ्याला ओळखण्यासाठी. एकच जोडी दिलीत तर नाणं उडवूनही निम्मी पोरं बरोबर येतात. तिन्ही बरोबर येण्याची शक्यता आठात एक. पहिल्या तिन्ही चूक आणि दुसऱ्या तिन्ही बरोबर हा नेमका नमुना निव्वळ अंदाजाने यायचा तर चौसष्टात एक. तो दिसला की समजा, पोराच्या डोक्यात नियम पक्का बसलाय.

शिकवायचं काय, तेही ढिगाप्रमाणे. 'लांब ती मोठी'वाल्यांना दहा बाय दहाचा चौकोनी कागद द्या. एक उभी पट्टी म्हणजे एक दशांश. ०.४ साठी चार पट्ट्या रंगवायला लावा आणि घरं मोजायला सांगा, चाळीस येतात. ०.३५ साठी तीन पट्ट्या आणि पाच घरं, म्हणजे पस्तीस. हुपरीच्या मुलीने घरं दोनदा मोजली, मग ०.३५ वरची स्वतःची खूण खोडली. मी एक शब्दही बोलले नव्हते. 'आखूड ती मोठी'वाल्यांना हा कागद फारसा पुरत नाही, त्यांना संख्यारेषा लागते. शून्य ते एक, दहा भाग. ०.६१४ मधले सहा दशांश आधी चालून जा, मग उरलेलं. ०.५२ मध्ये पाचच दशांश चालता येतात आणि उरलेले दोन शतांश घेऊनही ०.६ गाठता येत नाही. तुकडे बारीक असले तरी ते किती आहेत हे त्यांना पाऊल टाकून दिसावं लागतं.

आता त्या शेवटच्या दोन प्रश्नांचं. ७.४५ आणि ७.४५३ सारख्या म्हणणारी पोरं बहुधा रुपये-पैशांत विचार करतात, पैशाच्या पुढे काही असतं हे त्यांना माहीतच नसतं. म्हणूनच चाचणीत रुपये, डेअरीच्या स्लिपवरचं फॅट किंवा चांदीचं वजन असे संदर्भ घालू नका. रुपयांत कायम दोन अंक, फॅटला एक, चांदीच्या काट्याला तीन. अंक ठरलेले असले की चूक लपून राहते. शिकवताना मात्र हेच संदर्भ आणा. ७.४५ ग्रॅम आणि ७.४५३ ग्रॅम यांत तीन मिलिग्रॅमचा फरक आहे हे हुपरीच्या मुलीनेच वर्गाला सांगितलं.

आणि ०.३ व ०.४ च्या मधल्या संख्येचा प्रश्न 'शून्य लावा'वाल्यांसाठी. सरांचा आवडता उपाय तो: अंक कमी असतील तिथे शून्य लावा, ०.४ चं ०.४० करा, मग चाळीस मोठे की पस्तीस ते बघा. पाच मिनिटांत पोरं सहाही जोड्या बरोबर सोडवतात. मग मधली संख्या विचारली की तीच पोरं लिहितात 'एकही नाही', कारण त्यांनी दशांशाची परत पूर्ण संख्याच करून टाकलेली असते. सहापैकी सहा मिळवणाऱ्या माझ्या ढिगात अशी पोरं कमी नव्हती. सरांच्या हिशोबाने ती खिडकीकडच्या रांगेतली. त्यांना पुढच्या पाठाला नेणं म्हणजे कच्च्या पायावर मजला चढवणं.

सुरुवात कुठून, तर ज्या ढिगात अर्ध्याहून जास्त वर्ग आहे तिथून, सगळ्यांना मिळून. उरलेल्यांना तासाच्या शेवटी दहा-पंधरा मिनिटं वेगळं बसवा. दोन तासांनंतर त्याच धर्तीच्या पण वेगळ्या संख्यांच्या सहा जोड्या द्या आणि गट मोडून टाका. गट मोडायची तारीख आधी ठरलेली नसेल तर त्याची भिंतीकडची रांग होते. मी नोकरी सोडून शिकवणी सुरू केल्यावरही हा नियम सोडलेला नाही.

मर्यादाही सांगते. पट सत्तरचा असेल तर दोनपेक्षा जास्त गट सांभाळता येत नाहीत, मोठे दोन ढीग घ्या. राज्यात २०१५ पासून 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या पायाभूत चाचण्या आल्या, 'प्रथम' या संस्थेचे लोक वाचन-गणिताच्या पातळीवरून गट करतात, त्याला माझा विरोध नाही. तिथे एक पातळी खरंच दुसरीच्या पुढची असते, एकअंकी संख्या ओळखणं आणि भागाकार येणं यांत वर-खाली आहेच. माझ्या दोन मुलींमध्ये मात्र वर-खाली कुणीच नव्हतं. आणि इतिहासाच्या किंवा कवितेच्या धड्याला ही पद्धत अशीच्या अशी चालणार नाही, कारण तिथे चुकांचे इतके ठरलेले नमुने मिळत नाहीत. तिथे चाचणीवरून फार तर सुरुवात ठरवा, गट नको.

मोबाईलवर घेतलीत तरी चालेल, पण पडद्यावर येणारी मार्कांची बेरीज बघत बसू नका, प्रत्येक पोराचं प्रत्येक जोडीचं उत्तर उघडून बघा. ते दिसत नसेल तर अर्धा कागदच बरा.