मोघम यूजर स्टोरी पकडायची कशी?

प्रश्न: टेस्टिंगमधून नुकताच बिझनेस अॅनालिस्ट झालोय. बॅकलॉगमध्ये सत्तरएक यूजर स्टोरी पडल्या आहेत आणि मला सगळ्या रिव्ह्यू करायला सांगितलंय. कुठली स्टोरी मोघम आहे, कुठली फार मोठी आहे आणि कुठली टेस्टच करता येणार नाही, हे ओळखायचं कसं? नुसतं वाचून सगळ्याच ठीक वाटतात.

उत्तर:

सत्तरच्या सत्तर वाचू नका. पुढच्या एक-दोन स्प्रिंटमध्ये जाणाऱ्या वरच्या दहा-पंधरा घ्या. खालच्या स्टोरी मोघम असणं हा दोष नाही. सहा महिन्यांनी करायच्या कामाचे बारकावे आज लिहिले तर तोवर ते शिळे होतात, आणि शिळे क्रायटेरिया हे नसलेल्या क्रायटेरियापेक्षा जास्त नुकसान करतात, कारण लोक त्यांवर भरवसा ठेवून कोड लिहितात.

वाचून सगळं ठीक वाटणारच. वाचताना रिकाम्या जागा आपलं डोकं आपोआप भरत असतं. म्हणून वाचायच्या ऐवजी लिहायला लावा: डेव्हलपर आणि टेस्टर, दोघांनी एकमेकांना न विचारता त्या स्टोरीचं एक उदाहरण आकड्यांसकट लिहायचं. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर स्टोरी मोघम आहे. उदाहरण लिहिताना 'पण तसं असेल तर...' हे चार-पाच वेळा आलं तर ती मोठी आहे. उत्तर जुळलं, पण ते खरं झालं की नाही हे कुठे बघायचं तेच कळत नसेल, तर ती टेस्ट होणार नाही.

एक स्टोरी घेऊन बघू. बसचं तिकीट काढायच्या अॅपमधली आहे, नियम उदाहरणापुरते धरलेत:

```
प्रवासी म्हणून मला तिकीट सहज रद्द करता यावं,
म्हणजे माझे पैसे लवकर परत मिळतील.

१. तिकीट रद्द करणं सोपं असावं
२. नियमानुसार रिफंड मिळावा
३. रिफंड लवकर जमा व्हावा
४. सर्व एरर योग्य रीतीने हाताळाव्यात
५. प्रवाशाला एसएमएस आणि ईमेल जावा
```

'सहज', 'लवकर', 'योग्य' हे शब्द कुणालाही दिसतात. स्टोरी इंग्रजीत असतील आणि जिरा वापरत असाल तर असले शब्द शोधायला एक क्वेरी पुरते:

```
project = BUS AND statusCategory = "To Do"
AND (text ~ "seamless" OR text ~ "appropriate" OR text ~ "quickly")
ORDER BY Rank ASC
```

पण खरी गोम दुसऱ्या क्रायटेरियात आहे, आणि ती कुठल्याही शब्दयादीत सापडत नाही. 'नियमानुसार' हा शब्द अगदी सोज्वळ दिसतो. विचारल्यावर प्रॉडक्ट ओनर सांगतात: सुटण्याच्या २४ तास आधीपर्यंत १० टक्के कपात, मग ४ तास आधीपर्यंत २५ टक्के, त्यानंतर काहीच परत नाही. छान. आता बस कोल्हापूरहून रात्री ९ ला सुटते आणि प्रवासी साताऱ्याला ११.१५ ला चढणार आहे. त्याने संध्याकाळी ६ ला तिकीट रद्द केलं. बस सुटायला ३ तास आहेत, म्हणून रिफंड शून्य? की त्याच्या थांब्याला सव्वापाच तास आहेत, म्हणून २५ टक्के कपात? दोन्ही अर्थ बरोबर आहेत आणि फरक जवळजवळ पाऊण तिकिटाचा आहे. डेव्हलपर आपल्या सोयीचा अर्थ धरतो (बहुधा डेटाबेसमध्ये जी वेळ आधीपासून आहे ती), टेस्टरही तीच धरतो, टेस्ट पास होते आणि तक्रार कस्टमर केअरला येते.

म्हणून नियम दिसला की त्याच्या कडेवरची उदाहरणं मागायची. बरोबर २४ तास असतील तर कुठला टप्पा? आणि २३ तास ५९ मिनिटं असतील तर? इथे भाड्याचा आकडाही विचार करून निवडा. ६०० रुपये घेतले तर १० टक्के ६० आणि २५ टक्के १५०, सगळं गोल आणि काहीच उघड होत नाही. ६४५ घ्या. २५ टक्के होतात १६१.२५. आता पैशांचं काय करायचं? जवळच्या रुपयात नेलं तर कपात १६१, वरच्या रुपयात नेलं तर १६२. हा निर्णय डेव्हलपरचा नाही, अकाउंट्सचा आहे, आणि तो आत्ता विचारला तर दोन मिनिटांत मिळतो. समजा उत्तर आलं: वेळ प्रवाशाच्या थांब्यावरून मोजायची, कडेचा क्षण प्रवाशाच्या फायद्याच्या टप्प्यात धरायचा, कपात वरच्या रुपयात न्यायची. मग 'नियमानुसार'च्या जागी हे येतं:

```
थांब्याला शिल्लक वेळ   भाडं   कपात   परत
२४ तास ०० मि.          ६४५    ६५     ५८०
२३ तास ५९ मि.          ६४५    १६२    ४८३
 ४ तास ०० मि.          ६४५    १६२    ४८३
 ३ तास ५९ मि.          ६४५    ६४५    ०
```

चार ओळी आहेत, पण यावर वाद घालता येतो आणि टेस्टही थेट लिहिता येते. तक्ता पुढे आला की अकाउंट्सवाल्या मॅडम लगेच विचारतील, 'कूपन लावून ५४५ च भरले असतील तर टक्का कशावर?' असा प्रश्न येणं हेच रिव्ह्यूचं फळ.

टेस्ट करता येण्याचा मुद्दा वेगळा आहे. नेमका आकडा दिला म्हणजे टेस्ट होईलच असं नाही. तिसऱ्या क्रायटेरियात 'लवकर' काढून कुणी '२ दिवसांत खात्यात जमा व्हावा' लिहितं आणि सगळे समाधानी होतात. पण खात्यात पैसे टाकणं प्रवाशाच्या बँकेच्या हातात आहे. टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये खरी बँकही नसते आणि कुणी दोन दिवस थांबतही नाही. क्रायटेरिया आपल्या सिस्टिमच्या उंबरठ्यापर्यंतच लिहायचा: 'रद्द केल्यापासून ५ मिनिटांत रिफंडची विनंती पेमेंट गेटवेला गेलेली असते, आणि तिकिटावर "रिफंड सुरू" दिसतं. गेटवेकडून यशस्वी झाल्याचा निरोप आला की "रिफंड पूर्ण" दिसतं.' यातली प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी किंवा लॉगमध्ये बघता येते.

बघता येणं जसं हवं तसं घडवून आणता येणंही हवं. वरच्या तक्त्यातली '२३ तास ५९ मिनिटं' टेस्टर घडवणार कशी? सर्व्हरचं घड्याळ बदलता येईल, किंवा टेस्टच्या बसची वेळ हवी तशी ठेवता येईल, यांपैकी काहीतरी डेव्हलपरने द्यावं लागेल. ते स्टोरीत लिहिलेलं नसेल तर अंदाजात धरलं जात नाही आणि स्प्रिंटच्या आठव्या दिवशी टेस्टर हात बांधून बसतो. तुम्ही टेस्टिंगमधून आलात, म्हणजे हे तुम्हाला इतरांच्या आधी दिसायला हवं.

चौथा क्रायटेरिया, 'सर्व एरर', सुधारू नका, खोडा. त्याच्या जागी दोन-तीन नावानिशी घटना लिहा. पैशाच्या स्टोरीत एक तर हवीच: विनंती गेली, पण गेटवेचं उत्तरच आलं नाही. अॅपने परत विनंती पाठवली तर प्रवाशाला दोनदा पैसे मिळतात का? 'उत्तर न आल्यास तीच विनंती त्याच क्रमांकाने पुन्हा जाते, आणि एका तिकिटावर रिफंड एकदाच होतो.' त्याच्या जोडीला सीटचा प्रश्न येतोच: सीट दुसऱ्याला कधी विकायची, रद्द करताच की रिफंड पूर्ण झाल्यावर? मूळ स्टोरीत सीटचा उल्लेखसुद्धा नाही. जे लिहिलेलंच नाही ते वाचून सापडत नाही, ते असं उदाहरण चालवताना सापडतं.

एवढं झाल्यावर स्टोरी किती फुगली ते दिसेलच. चार जणांच्या तिकिटातून एकच रद्द करायचा, बस कंपनीनेच फेरी रद्द केली, अशी प्रकरणं बाहेर येतात. मोठेपणा पॉइंटवरून ठरवण्यापेक्षा नियम मोजा. माझा ठोकताळा असा की एका स्टोरीत चार-पाचपेक्षा जास्त स्वतंत्र नियम निघाले की ती फोडायची. क्रायटेरियात 'आणि' आला की तिथेही थांबून बघायचं. एसएमएस गेला आणि ईमेल गेला नाही, तर पाचवा क्रायटेरिया पास की नापास?

फोडताना लोक हमखास चुकतात ती जागा म्हणजे थरांनुसार केलेले तुकडे: एक स्टोरी डेटाबेसची, एक एपीआयची, एक स्क्रीनची. यातला एकही तुकडा एकटा प्रवाशाच्या कामाचा नाही, आणि तिन्ही जुळेपर्यंत वरच्या तक्त्यातली एकही ओळ चालवून बघता येत नाही. उभा काप घ्यायचा. पहिला तुकडा: एकट्या प्रवाशाचं तिकीट, २४ तासांच्या आधी, १० टक्के कपात, रद्द करताच सीट मोकळी. दुसरा: बाकीचे वेळेचे टप्पे. तिसरा: अनेकांच्या तिकिटातून काहींचं रद्द करणं. एसएमएस वेगळा, ईमेल वेगळा. बस कंपनीने फेरी रद्द करणं ही तर मुळात दुसऱ्याच माणसाची कृती आहे, ती या कुटुंबातच नको.

एक खबरदारी. 'आधी सगळं सुरळीत चालणारं, एरर नंतर' हा काप एरवी चालतो, पैशाला चालत नाही. दुहेरी रिफंडचा क्रायटेरिया पहिल्याच तुकड्यात ठेवा. नाहीतर पहिला तुकडा नावाला पूर्ण होतो आणि लाइव्ह कधीच करता येत नाही.

हे सगळं एकट्याने कमेंट टाकून करू नका. कुकंबर टीममधल्या मॅट विन यांनी २०१५ मध्ये मांडलेली एक्झाम्पल मॅपिंग नावाची पद्धत इथे चपखल बसते: पिवळ्या कार्डावर स्टोरी, निळ्यावर नियम, हिरव्यावर उदाहरणं, लालवर अनुत्तरित प्रश्न, आणि एका स्टोरीला साधारण २५ मिनिटं. प्रॉडक्ट ओनर, डेव्हलपर आणि टेस्टर तिघं हवेत. टेबल निळं झालं तर स्टोरी फोडा, लाल झालं तर ती या स्प्रिंटला घेऊ नका.

उलट्या बाजूलाही घसरू नका. 'उजव्या कोपऱ्यात लाल बटण, दाबल्यावर पॉप-अप, त्यात दोन बटणं' हा क्रायटेरिया नेमका आहे, टेस्टही होतो, पण तो नियम नाही, डिझाइन आहे. डिझायनरने उद्या बटण हलवलं की तुमचा क्रायटेरिया खोटा ठरतो. पहिल्या क्रायटेरियातल्या 'सोपं'ला उत्तर हवंच असेल तर असं लिहा: 'रद्द करण्यापूर्वी प्रवाशाला कपात आणि परत मिळणारी रक्कम रुपयांत दिसते.' स्क्रीन कशीही असो, हे तपासता येतं.

कमेंट लिहायची वेळ आलीच तर 'क्लॅरिटी हवी' एवढंच लिहून सोडू नका, तिला 'ओके, बघतो' हेच उत्तर येतं. पर्याय देऊन विचारा: 'कोल्हापूर ९.००, सातारा ११.१५, रद्द केलं ६.०० ला. परत ० की ४८३?' प्रॉडक्ट ओनर मीटिंगमध्ये असतानाही मोबाइलवरून एका आकड्यात उत्तर देतात, आणि तो आकडा तसाच तक्त्यात जातो.