सिरिलिक पाट्यांवरून देश ओळखताना आधी उभी काडी शोधा

प्रश्न: रस्त्याच्या फोटोत सिरिलिक अक्षरं दिसली की मला सगळंच रशियन वाटतं. भाषा येत नसताना नुसत्या अक्षरांवरून देश कसा ओळखायचा?

उत्तर:

भाषा येत नसली तरी बरंच काही जमतं, फक्त फोटोतली सगळ्यात मोठी पाटी आधी वाचायची सवय सोडावी लागते. मोठ्या पाटीवर बऱ्याचदा АПТЕКА म्हणजे औषधांचं दुकान, नाहीतर МАГАЗИН म्हणजे साधं दुकान, असं काहीतरी असतं आणि हे शब्द रशियात तसेच, युक्रेनमध्ये तसेच, बल्गेरियातही तसेच, शिवाय कझाकस्तान आणि किर्गिझस्तानमध्ये रशियन भाषा सर्रास चालते त्यामुळे तिथेही तेच. या शब्दांतली सगळी अक्षरं सगळ्यांकडे आहेत, मग त्यावरून ठरवणार काय? मी नेहमी छोट्या पाट्यांकडे झूम करतो. रस्त्याच्या नावाची पाटी, दाराशेजारची उघडण्या-मिटण्याच्या वेळांची पाटी, सरकारी इमारतीवरचा फलक. स्थानिक भाषा तिथे हमखास सापडते.

आता पहिलं अक्षर. मी सगळ्यात आधी І शोधतो. छोट्या लिपीत त्यावर टिंब असतं (і) पण पाट्या बहुतेक मोठ्या अक्षरांत असतात आणि मोठ्या अक्षरात टिंब नसतं, नुसती उभी काडी असते, हे डोक्यात ठेवा नाहीतर ते समोर असून दिसणार नाही. रशियनमध्ये हे अक्षर पूर्वी होतं, १९१८ च्या लेखनसुधारणेत काढून टाकलं. बल्गेरियन, सर्बियन, मॅसेडोनियन, मंगोलियन, किर्गिझ यांच्यात ते नाही. म्हणजे शब्दाच्या मधे किंवा शेवटी ही काडी दिसली की देशपातळीवरच्या भाषांपैकी तीनच उरतात, युक्रेनियन, बेलारूसी आणि कझाक. एकाच अक्षरात एवढी छाटणी होते, म्हणून सुरुवात तिथून. फक्त ती काडी रोमन आकडा नाही ना (राजांच्या नावापुढे, शतकांच्या पुढे असतो तो) तेवढं बघून घ्या.

मग या तिघांत फरक कसा करायचा? युक्रेन आणि बेलारूससाठी रस्त्याच्या पाटीवरचा ‘रस्ता’ हा एकच शब्द पुरतो. युक्रेनियनमध्ये вулиця, बेलारूसीत вуліца. दोन्हींचं संक्षिप्त रूप вул. असंच होतं त्यामुळे ते बघून काही कळणार नाही, पूर्ण शब्द हवा. बेलारूसीत и हे अक्षरच नाही, सगळीकडे і वापरतात, आणि ы, э पुष्कळ दिसतात. युक्रेनियनमध्ये и आणि і दोन्ही आहेत पण ы, э, ё अजिबात नाहीत. याशिवाय दोघांचं एकेक हुकमी अक्षर आहे, युक्रेनियनचं Ї, म्हणजे काडीवर दोन टिंबं, ही मोठ्या अक्षरातही राहतात, आणि बेलारूसीचं Ў, म्हणजे У वर छोटी वाटीसारखी खूण. तरी बेलारूसमध्ये दुकानांवर रशियन खूप असते, त्यामुळे रस्त्याची पाटी मिळेपर्यंत थांबलेलं बरं. आणि Ў उझबेकमध्येही आहे, पण उझबेकमध्ये І नाही आणि Қ, Ғ, Ҳ अशी शेपटी-आडव्या रेघांची अक्षरं सोबत दिसतात, शिवाय उझबेकिस्तानात आता लॅटिन लिपीही सगळीकडे असते.

तिसरी उरली कझाक, आणि खरी मजा इथे आहे कारण लोक सगळ्यात जास्त गोंधळतात ते कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि मंगोलिया या तिघांत. एक उदाहरण घेऊन बघू. समजा फोटोत रुंद रस्ता आहे, कडेला पॉपलरची झाडं, मागे सोव्हिएत काळातल्या पाच मजली इमारती, लांब बर्फाचे डोंगर. असं दृश्य या भागात कुठेही मिळेल. समोर АПТЕКА लिहिलंय, ते सोडून द्या. बाजूच्या किराणा दुकानावर पुसट पाटी आहे, मधे जोडरेघ असलेला एक शब्द, सुरुवातीला АЗЫ एवढं लागतं आणि जोडरेघेनंतर पाच अक्षरं आहेत त्यातलं Т, Л आणि शेवटचं К लागतं. मधली दोन अक्षरं धूसर.

हा शब्द दोन्ही शेजाऱ्यांकडे आहे, अर्थ खाद्यपदार्थ. कझाकमध्ये АЗЫҚ-ТҮЛІК, किर्गिझमध्ये АЗЫК-ТҮЛҮК. आता नीट बघा, पहिल्या भागातलं शेवटचं अक्षर Қ आहे की К हे धूसर फोटोत कळत नाही, ती खालची बारीक शेपटी सगळ्यात आधी पुसली जाते, म्हणून त्यावर वेळ घालवू नका. जोडरेघेनंतरचं दुसरं आणि चौथं अक्षर बघा. दोन्ही सारखीच दिसत असतील, वर दोन फांद्या आणि खाली देठ, तर किर्गिझ. दुसरं फांद्यांचं आणि चौथं नुसती बारीक काडी, आजूबाजूच्या अक्षरांपेक्षा अर्धीच जागा घेणारी, तर कझाक. अक्षर वाचता नाही आलं तरी त्याची रुंदी दिसते, आणि धूसर फोटोत रुंदीवर आकारापेक्षा जास्त विश्वास ठेवता येतो असा माझा अनुभव आहे.

मग पडताळणीसाठी रस्त्याची पाटी. कझाकमध्ये रस्त्याच्या नावानंतर көшесі येतं, किर्गिझमध्ये көчөсү. परत तोच प्रकार, कझाक शब्द काडीवर संपतो, किर्गिझ ү वर. साधं दुकान कझाकमध्ये ДҮКЕН, किर्गिझमध्ये ДҮКӨН, म्हणजे शेवटून दुसरं अक्षर पोटात आडवी रेघ असलेलं गोल आहे का तेवढं बघायचं. किर्गिझमध्ये रशियन अक्षरांच्या वर फक्त तीनच अक्षरं जास्तीची आहेत, ң, ө, ү. कझाकमध्ये नऊ आहेत आणि त्यातलं Ұ, म्हणजे देठावर आडवी रेघ असलेलं, दिसलं की मी पुढे शोधतच नाही, कझाकच. कझाकस्तानात आणखी एक गोष्ट कामाला येते, १९९७ च्या भाषा कायद्यात पाटीवर कझाक मजकूर डावीकडे किंवा वर आणि रशियन उजवीकडे किंवा खाली असा क्रम घालून दिला होता, त्यामुळे दुभाषी पाटीचा कुठला अर्धा भाग ताणून बघायचा हे आधीच ठरवता येतं.

मंगोलिया याहून सोपा. तिथे फक्त Ө आणि Ү जास्तीचे, Ң नाही, Қ नाही, Ә नाही, І नाही, आणि जोडीने आलेले स्वर खूप. दुकान म्हणजे ДЭЛГҮҮР, दोन ү शेजारी शेजारी. नुसत्या जोडस्वरावर जाऊ नका, किर्गिझमध्येही ते असतात, पण ДЭЛГҮҮР हा शब्द मंगोलियात जवळपास प्रत्येक गल्लीत दिसतो, तो एक चित्र म्हणूनच लक्षात ठेवा. ү आणि साधा у यात फरक देठाचा आहे, ү चा देठ सरळ खाली उतरतो, у ची शेपटी डावीकडे तिरकी जाते. हा फरक डोळ्यात बसल्याशिवाय या भागातला कुठलाच फोटो नीट लागत नाही.

बाल्कनकडे यायचं तर काम पटकन होतं. J सारखं दिसणारं ј किंवा एकमेकांना चिकटलेली љ, њ दिसली तर सर्बियन नाहीतर मॅसेडोनियन. त्यात Ђ, Ћ असली तर सर्बियन, आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेली Ѓ, Ќ असली तर मॅसेडोनियन. फक्त सर्बियन म्हणजे सर्बियाच असं नाही, बोस्नियातल्या सर्ब भागात आणि मॉन्टेनेग्रोतही ती अक्षरं दिसतात.

बल्गेरियाची खूण Ъ, पण इथे लोक फसतात कारण Ъ रशियनमध्येही आहे. फरक जागेचा आहे. बल्गेरियनमध्ये तो स्वर आहे, त्यामुळे दोन व्यंजनांच्या मधे येतो, ПЪТ, БЪЛГАРИЯ असा. रशियनमध्ये तो е, ё, ю, я यांच्या आधीच येतो, इमारतींच्या दारावर ПОДЪЕЗД लिहिलेलं असतं त्यात बघा, Ъ नंतर लगेच Е आहे. आणि शब्दाच्या अगदी शेवटी Ъ दिसला, ТРАКТИРЪ वगैरे, तर ते बहुतेक जुनं वाटावं म्हणून झारकाळच्या पद्धतीने मुद्दाम लिहिलेलं रशियन हॉटेल आहे. बल्गेरियनने शेवटचा Ъ १९४५ मध्ये काढून टाकला.

मग रशिया कधी म्हणायचं? Ы, Э दिसतात, І नाही आणि वर सांगितलेलं एकही खास अक्षर नाही असं असेल तर भाषा रशियन. ё नाही यावरून काही ठरवू नका, रशियन लोक पाटीवर त्याच्या जागी सरळ е लिहितात. आणि अक्षर ‘नाही’ हा पुरावा भरपूर मजकूर असेल तरच धरायचा, दोन शब्दांच्या पाटीवर एखादं अक्षर नसणं यात विशेष काही नाही, माझा हिशोब असा की वीसेक वेगवेगळे शब्द वाचून झाल्यावरच मी ‘नाही’ वर विसंबतो. उलट एखादं खास अक्षर एकदा जरी स्पष्ट दिसलं तरी पुरे.

पण भाषा रशियन निघाली म्हणजे देश रशिया असं होत नाही, आणि खास अक्षरं निघाली म्हणजे रशिया बाद असंही नाही. कझानमध्ये तातार पाट्यांवर Ә, Ө, Ү, Җ दिसतात आणि लोक घाईत कझाकस्तान म्हणून मोकळे होतात. तिथे परत काडी कामाला येते, तातारमध्ये І नाही. Ә सोबत І असेल तर कझाक, Ә सोबत Җ असेल आणि І कुठेच नसेल तर तातार, म्हणजे रशियाच. रशियातल्याच तुवा या भागाची भाषा आणखी अवघड, तिच्यात किर्गिझसारखीच ң, ө, ү आहेत, तिथे नुसत्या अक्षरांवर निकाल लागत नाही, पाटीवरचा फोन नंबर बघावा लागतो. किर्गिझस्तान +996, मंगोलिया +976, रशिया आणि कझाकस्तान दोघांचा +7 पण कझाकस्तानात त्यानंतरचा आकडा परत 7 असतो, रशियातल्या मोबाईलला 9.

फोन नंबर बघायचं आणखी एक कारण आहे. मंगोलियाच्या अगदी पश्चिमेला बायान-उल्गी प्रांत आहे, तिथे बहुसंख्य लोक कझाक आहेत आणि कझाक सिरिलिकमध्येच लिहितात. तिथल्या पाटीवर Ә, І, Қ सगळं शंभर टक्के कझाक सापडेल आणि देश मात्र कझाकस्तान नसेल. म्हणून उघडे डोंगर, झाडं जवळजवळ नाहीत आणि कझाक पाटी अशा फोटोत मी ДЭЛГҮҮР किंवा +976 कुठे दिसतंय का ते आधी शोधतो आणि मगच कझाकस्तान म्हणतो.