‘डिड अ मिस्टेक’ का खटकतं?

मॅडम, मी कळव्याची, टी.वाय.बी.कॉम.ला आहे. शाळा मराठी माध्यमाची. ऐरोलीतल्या एका कंपनीत ई-मेल सपोर्टच्या लेखी टेस्टमध्ये दोनदा बाद झाले. व्याकरणाच्या चुका नव्हत्या, शेरा आला ‘भाषा नैसर्गिक नाही’. उशिरा पोचलेल्या पार्सलबद्दल ग्राहकाला लिहिलेली माझी वाक्यं अशी: ‘देअर वॉज स्ट्राँग रेन इन मुंबई. वुई डिड अ मिस्टेक इन युवर ॲड्रेस. यू कॅन डू अ कंप्लेंट. वुई विल मेक अवर बेस्ट.’ ठाणे स्टेशनजवळ सहा महिन्यांचा स्पीकिंगचा क्लास लावू का?

तुझ्या चारही वाक्यांत गडबड एकाच जागी आहे. शब्द बरोबर आहेत, त्यांच्या जोड्या चुकल्यात. मराठीत तू ‘शपथ करते’ किंवा ‘पैज घेते’ असं कधी म्हणणार नाहीस. शपथ घ्यायची आणि पैज लावायची, हे कुणी न शिकवता तुला येतं. इंग्रजीतही नामांचे असे ठरलेले जोडीदार असतात, त्यांना कोलोकेशन म्हणतात.

आपली अडचण ‘करणे’पासून सुरू होते. चूक, तक्रार, गृहपाठ, स्वयंपाक, सगळं आपण ‘करतो’. इंग्रजीत तेच काम मेक आणि डू वाटून घेतात. क्लासमध्ये सांगतात की नवं काही तयार झालं तर मेक आणि नुसतं काम उरकलं तर डू. केक आणि भांडी यांच्यापुरतं ते चालतं, पण चूक करून आपण काय तयार करतो? त्यापेक्षा नामाकडे बघ. तोंडाने किंवा लिहून व्यक्त होणारी गोष्ट बहुतेक वेळा मेक घेते: कंप्लेंट, प्रॉमिस, सजेशन, रिक्वेस्ट, ऑफर, एक्स्क्यूज. अभ्यास आणि कामधंदा डूकडे जातात: होमवर्क, कोर्स, रिसर्च, बिझनेस. शॉपिंग, कुकिंग, क्लीनिंगसारखी घरकामंही डूचीच. मिस्टेक, डिसिजन, एफर्ट, प्रोग्रेस मेकची आणि फेव्हर, डॅमेज, ‘अवर बेस्ट’ डूची, ही मात्र पाठच करावी लागतात. म्हणून वहीत नुसतं ‘मिस्टेक’ लिहू नकोस, ‘मेक अ मिस्टेक’ असं अख्खं लिही.

पावसाचंही तसंच. आपल्याकडे पाऊस जोरदार आणि वाराही जोरदार. इंग्रजी माणूस पावसाचं प्रमाण बघतो, म्हणून हेवी रेन. ट्रॅफिक, लॉसेस, खूप सिगारेटी ओढणारा स्मोकर हेही त्याच हिशेबाने हेवी. वाऱ्याची ताकद बघतो, म्हणून स्ट्राँग विंड. आपला कडक चहा स्ट्राँग टी आणि उग्र वासही स्ट्राँगच. काही नामांना दोन्ही चालतात, पण अर्थ सरकतो. मालाला चांगली मागणी असेल तर स्ट्राँग डिमांड. हेवी डिमांड म्हटलं की बरेचदा कशावर तरी ताण पडल्याची छटा येते.

शंका आली की पुस्तकांत कुठले शब्द किती वेळा येतात ते दाखवणाऱ्या गूगल बुक्सच्या Ngram Viewer मध्ये दोन्ही जोड्या स्वल्पविराम देऊन टाकून बघ, एका वेळी एकच ओळ:

```
heavy rain,strong rain
heavy *_NOUN
```

पहिल्या ओळीत हेवी रेनची रेघ खूप वर दिसेल. दुसऱ्या ओळीने हेवीनंतर सर्वाधिक येणारी दहा नामं मिळतात. पण आकडा दिसला म्हणजे जोडी बरोबर असं धरू नकोस. `make research` लाही काही नोंदी सापडतील, कारण ‘मेक रिसर्च ईझियर’ अशा वाक्यांतही ते दोन शब्द शेजारी येतात. तिथे अर्थ ‘संशोधन सोपं करणे’. ‘संशोधन करणे’ला डू रिसर्च, मेलमध्ये जरा औपचारिक हवं तर कंडक्ट रिसर्च. उलट टेक अ डिसिजन बघून दचकू नकोस, ते ब्रिटिश वळणाचं आहे आणि बरोबर आहे.

आता तुझा मेल. हेवी रेन, मेड अ मिस्टेक, मेक अ कंप्लेंट, डू अवर बेस्ट. चार शब्द बदलले, बाकी मी हात लावला नाही. (खरं तर चिडलेल्या ग्राहकाला तक्रार करायचा रस्ता आपणच कशाला दाखवायचा? ते वाक्य मी गाळलं असतं.) जाता जाता, ‘परीक्षा देणे’वरून आलेलं ‘गिव्ह ॲन एक्झाम’ इथे सगळ्यांना कळतं, पण परदेशी ग्राहकांच्या प्रोसेससाठी टेक लिही.

स्पीकिंगचा क्लास आत्ता नको. तू लेखी फेरीत अडकतेस आणि त्या क्लासमध्ये बोलून घेतात. आधी तीन आठवडे रोज एक मेल लिही, त्यातल्या प्रत्येक नामाखाली रेघ मार आणि त्याचा जोडीदार कोलोकेशन डिक्शनरीत तपास. सुरुवातीला एका मेलला अर्धा तास लागेल. तरीही क्लास लावायचाच असेल तर फी भरण्याआधी एकच प्रश्न विचार: लिहिलेले मेल तपासून परत देता का?