‘Missing’ म्हणजे हरवलं नव्हे

“मॅडम, मुलीनं शाळेचा प्रकल्प ऑनलाइन जमा केला होता. मी स्वतः पाहिलंय. आता तिथं काहीच नाही, डिलीट झालाय. टीचर म्हणतात, आलाच नाही. तो परत आणून द्या म्हणून शाळेला कडक पत्र लिहायचं आहे. ते कसं लिहू? आणि शाळा ऐकेल का?” (एक आई, फोंडा)

ताई, पत्र जरूर लिहा. फक्त दोन दिवस थांबा आणि त्याआधी डिचोली तालुक्यातल्या एका आईची गोष्ट वाचा. हा प्रश्न मला आता दर सत्रात दोन-तीनदा ऐकू येतो आणि प्रत्येक वेळी तिचीच आठवण येते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. मुलीला घरात सगळे ‘बाय’ म्हणतात, मीही तेच म्हणेन.

ती माझ्याकडे आली ती २२ सप्टेंबरला, चार पानांचं पत्र हातात घेऊन. बाय आठवीत. चवथीच्या सुट्टीत मुलांना माटोळीवर स्लाइड्स करायला सांगितलं होतं. बायनं आजीला बोलतं केलं, माटोळीत गणपतीवर टांगलेल्या एकेका फळाचं नाव विचारून घेतलं. कांगलां, माट्टुळां, कवंडळां, आंबाडे. कुठलं कुठल्या डोंगरावरून आणलं तेही लिहिलं. एकूण चौदा स्लाइड्स. ८ सप्टेंबर ही शेवटची तारीख, आणि तिनं ६ तारखेलाच काम जमा केलेलं. ९ तारखेला सकाळी मात्र तिच्या नावापुढं Missing असं आलं.

“मिसिंग म्हणजे हरवलं ना, मॅडम? त्यांनीच हरवलं आणि शून्य माझ्या बायला?”

इथंच पहिली गाठ होती. गूगल क्लासरूममध्ये Missing चा अर्थ ‘गहाळ झालं’ असा नाही. मुदत संपली त्या वेळी काम जमा अवस्थेत नव्हतं, एवढंच तो शब्द सांगतो. काम कधीच आलं नसेल तरी तोच शब्द दिसतो, आणि येऊन नंतर मागे घेतलं असेल तरी तोच. आईनं त्याचा मराठी अर्थ लावला आणि त्या अर्थावर चार पानं उभी केली. मी नेहमी म्हणते, घडलेली गोष्ट वेगळी आणि आपण तिला लावलेला अर्थ वेगळा. राग येतो तो बहुतेक वेळा अर्थाचा. मी एका कागदावर दोन रकाने केले आणि पत्रातलं एकेक वाक्य त्यात घालायला सांगितलं. डोळ्यांनी पाहिलेलं डावीकडे, उरलेलं उजवीकडे. डावीकडे तीन वाक्यं आली.

बाय शेजारी बसून ओढणीच्या टोकाचा धागा ओढत होती. आई दर पाच मिनिटांनी म्हणायची, “माझी बाय असलं काही करणारच नाही.” प्रत्येक वेळी बायची मान थोडी खाली जायची. मी ते पाहिलं आणि त्या दिवशी काही बोलले नाही. पुढच्या भेटीला मुलीचा फोन घेऊन यायला सांगितलं.

दुसऱ्या भेटीत मी बायला ‘काय झालं?’ असं विचारलंच नाही. या प्रश्नाला मुलं उत्तर देतात तेव्हा बचाव सांगतात. मी फोन टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “त्या रात्री तुझं बोट कुठं कुठं गेलं ते दाखव. शब्द नकोत.”

तिनं अॅप उघडलं. विषय. प्रकल्प. मग बोट एका जागी थांबलं. Unsubmit हा शब्द जिथं असतो, तिथं.

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. आई काही म्हणायला गेली, मी हातानं थांबवलं. मिनिटभर गेलं असेल. मग बाय फोनकडेच बघत म्हणाली, “आजीचा हात हलला होता.”

सातव्या स्लाइडवर आजीच्या हातात कांगल्यांचा घोस होता आणि फोटो धूसर आला होता. ८ तारखेला रात्री नऊच्या सुमारास बायला वाटलं, एवढा एक फोटो बदलू. जमा केलेल्या स्लाइड्समध्ये मुलाला बदल करता येत नाही, म्हणून तिनं काम मागे घेतलं. ड्राइव्हमध्ये तिच्या दोन फाइल होत्या, एक कच्ची आणि एक पक्की. कच्ची काढून टाकायला गेली आणि पक्की काढली. तेवढ्यात वीज गेली, राउटर बंद. सकाळी उठून पाहते तर कच्ची फाइल शिल्लक आणि पुढं Missing. काढलेली फाइल ड्राइव्हच्या कचरापेटीत होती. तिथं ती ३० दिवस राहते आणि एका बोटानं परत येते, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं की आईनं ही पेटी उघडली तर कळेल. तिनं पेटीच रिकामी केली.

“म्हाका कित्याक सांगलें ना गो तुवें?” आई विचारत होती.

“तू सगळ्यांना सांगत होतीस, माझी बाय असं करणार नाही. मग मी कशी सांगू?”

पंचवीस वर्षं मी हे काम करते आहे. त्या एका वाक्यानं मला माझ्याच कामातलं काही नव्यानं दिसलं. आपण समजतो, विश्वास दाखवला की मूल मोकळं होतं. पण ‘तू चुकणारच नाहीस’ हा विश्वास नव्हे, ती अट आहे. मुलाला हवं असतं ते ‘चुकलीस तरी इथंच बसून सांगता येईल’ एवढंच. बायनं फाइल लपवली नव्हती, आईनं मनात धरलेली बाय सांभाळली होती. मी हे आईला समजावलं नाही. तिला ते ऐकू आलं होतं. तिनं बायचा हात ओढणीवरून सोडवून आपल्या हातात घेतला.

मग ती म्हणाली, “आता पत्र कसलं लिहायचं? चूक आपलीच.”

मी म्हटलं, आता तर पत्र लिहिता येईल. आधीच्या पत्रात शाळेला देता येईल असं काही मागितलंच नव्हतं. ‘आमचं काम परत आणा’ हे वर्गशिक्षिकेला सांगून उपयोग नाही, कारण मुलाच्या ड्राइव्हमधून पुसलेली फाइल तिच्या हातात नसते. तिच्या हातात एक नोंद असते. मुलाच्या कामाच्या पानावर ते कधी जमा झालं आणि कधी मागे घेतलं हे वेळेसकट तिला दिसतं. फाइल परत आणणं हे शाळेची खाती सांभाळणाऱ्याचं काम. बऱ्याच शाळांत ते संगणकाच्या सरांकडे असतं. त्यांच्या अॅडमिन खात्यात मुलाच्या नावापुढं Restore data असा पर्याय असतो. तिथं तारखा घातल्या की त्या काळात कचरापेटीतूनही गेलेल्या फाइल परत येतात. पण पेटी रिकामी झाल्यापासून फक्त २५ दिवस. बायनं पेटी रिकामी केली ९ सप्टेंबरला, म्हणजे हातात ४ ऑक्टोबरपर्यंतचा वेळ. रागावण्यात आणि पत्र फाडून पुन्हा लिहिण्यात पंधरा दिवस आधीच गेले होते.

पत्र त्या दोघींनी माझ्या टेबलावर लिहिलं. मी दोनच ठिकाणी शब्द बदलले.

“मा. मुख्याध्यापिका यांस,
विषय: इयत्ता आठवी, माटोळी प्रकल्पाची फाइल परत मिळण्याबाबत.
माझ्या मुलीनं हा प्रकल्प ६ सप्टेंबरला ऑनलाइन जमा केला होता. ८ सप्टेंबरला रात्री एक फोटो बदलण्यासाठी तिनं तो मागे घेतला आणि चुकून मूळ फाइल काढून टाकली. ९ सप्टेंबरला कचरापेटीही रिकामी केली. चूक तिची आहे. विनंती तीन आहेत. वर्गशिक्षिकांनी ६ तारखेला काम जमा झाल्याची नोंद पाहावी. खाती सांभाळणाऱ्या सरांनी तिच्या शाळेच्या खात्यातली ८ आणि ९ सप्टेंबरला गेलेली फाइल ४ ऑक्टोबरच्या आत परत आणावी, कारण त्यानंतर ती मिळत नाही. फाइल मिळाल्यावर शाळेच्या नियमानुसार ती उशिरा आलेली म्हणून तपासावी.”

खाली मुलीचं नाव, तुकडी, हजेरी क्रमांक, शाळेच्या खात्याचा पत्ता आणि फाइलचं नेमकं नाव. त्याखाली बायची स्वतःची एक ओळ: “मी घाबरून सांगितलं नाही.” ही ओळ लिही असं मी सांगितलं नव्हतं.

ताई, तुमच्या मुलीच्या बाबतीत असंच घडलं असेल असं मी म्हणत नाही. कधी शिक्षकांकडूनच अख्खा प्रकल्प क्लासरूममधून काढला जातो. तेव्हा गुण आणि शेरे जातात, पण मुलाची फाइल त्याच्या ड्राइव्हमध्ये शाबूत असते. शोधून पुन्हा पाठवली की झालं, आणि असं झालं असेल तर वर्गातल्या सगळ्यांचंच काम गेलेलं असतं, म्हणून आधी दोन मैत्रिणींच्या घरी फोन करा. कधी मुलानं स्वतःच्या खासगी खात्यावर काम केलेलं असतं. मग शाळेचे सर काही करू शकत नाहीत. आधी त्या खात्याची कचरापेटी आणि फोनमधले मूळ फोटो पाहा. आणि कधी नोंदीत काम जमा झालेलं दिसतच नाही. तसं निघालं तर पत्र बाजूला ठेवा, आधी मुलीजवळ बसा. पण तिन्हींत पहिलं काम एकच. फोन तिच्या हातात द्या, आणि बोट कुठं गेलं ते दाखवू दे. तुम्ही गप्प बसा. कठीण जातं, मला माहीत आहे. माझ्या खोलीत ती आई ओठ दाबून बसली होती.

पत्र २६ सप्टेंबरला शाळेत गेलं. संगणकाच्या सरांनी २९ तारखेला फाइल परत आणली. वर्गशिक्षिकेनं नोंद पाहिली, ६ तारीख सापडली, उशिराचे दोन गुण कापून प्रकल्प तपासला. शून्याच्या जागी वीसपैकी पंधरा आले. आईनं ते मला फोनवर सांगितलं, पण तिचा आवाज उजळला तो दुसऱ्याच गोष्टीनं.

फाइल परत आल्यावर बायला एक दिवसाची सवड मिळाली होती. फोटो बदलता आला असता. तिनं सातवी स्लाइड उघडली, आजीला बोलावून दाखवली आणि तशीच जमा केली.