२२ तारखेला निघून २१ ला पोहोचणारं तिकीट

"दादा, मी पुण्याचा. एमएससाठी कॅलिफोर्नियाला चाललोय, कोर्स २१ सप्टेंबरला सुरू होतोय. मुंबई–हाँगकाँग–लॉस एंजेलिस तिकीट स्वस्त मिळतंय. पण हाँगकाँगहून विमान २२ ऑगस्टला रात्री १२.१० ला सुटतं आणि २१ ऑगस्टला रात्री १०.१० ला पोहोचतं असं दाखवतंय. साइटची चूक आहे का? २२ पासून हॉटेल घेतलं तर चालेल ना?"

साइट बरोबर आहे. पण हे तिकीट काढू नकोस, आणि कारण हॉटेल नाही, कॉलेजने व्हिसासाठी दिलेला तुझा आय-२० हा कागद आहे.

आधी तारखेचं बघू. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिस हाँगकाँगच्या १५ तास मागे असतं. म्हणजे तुझं विमान सुटेल तेव्हा तिकडे २१ तारखेचे सकाळचे ९.१० वाजलेले असतात. प्रवास साधारण १३ तासांचा. ९.१० मध्ये १३ मिळव, रात्रीचे १०.१० होतात, तारीख २१ च.

पूर्वेकडे जाताना घड्याळ पुढे जातं, मग तारीख मागे कशी, हे मलाही आधी उमगत नव्हतं. हाँगकाँगहून पूर्वेला निघालं की लॉस एंजेलिसपर्यंत घड्याळ ९ तास पुढे न्यावं लागतं. मात्र वाटेत पॅसिफिकमध्ये, १८० रेखांशाच्या आसपास, वाररेषा लागते आणि तिथे एक अख्खा दिवस वजा होतो. ९ पुढे, २४ मागे, म्हणून १५ मागे. दुबई किंवा युरोपमार्गे गेलास तर ही रेषा लागतच नाही.

सुटण्याच्या तारखेला मात्र फार अर्थ नाही. ऑकलंडहून होनोलुलूला जाणारं एक विमान ३१ डिसेंबर २०१७ ला रात्री ११.५५ ला सुटायचं होतं. दहा मिनिटं उशीर झाला, ते १ जानेवारी २०१८ ला १२.०५ ला सुटलं आणि ३१ डिसेंबर २०१७ च्या सकाळी १०.१६ ला उतरलं. बातमी झाली. वेळेवर सुटलं असतं तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. तू कधी उतरतोस आणि तेव्हा तिथे कुठली तारीख असते, एवढंच बघ.

आता आय-२०. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पहिल्यांदा येणाऱ्याला कोर्स सुरू होण्याच्या तारखेच्या ३० दिवसांहून आधी अमेरिकेत शिरता येत नाही. तुझी तारीख २१ सप्टेंबर, म्हणजे सगळ्यात आधीचा दिवस २२ ऑगस्ट. आय-२० वर 'अर्लिएस्ट ॲडमिशन डेट' अशा नावाचा वेगळा रकाना असतो, तो उघडून बघ. (कोर्सची तारीखही त्याच कागदावरची धर, कॉलेजच्या वेबसाइटवरची नको.) तिकिटावर २२ ऑगस्ट दिसतंय म्हणून तू निर्धास्त असशील, पण इमिग्रेशनच्या खिडकीसमोर तारीख २१ असेल. एकतिसावा दिवस. "हाँगकाँगला २२ लागली होती" हे तिथे चालणार नाही. तिथवर जाण्याआधी मुंबईच्या चेक-इन काउंटरलाच अडवतील, ही शक्यताही धर.

एक दिवस पुढे सरकलास, म्हणजे मुंबईहून २२ ला निघून हाँगकाँगहून २३ ला रात्री १२.१० चं विमान धरलंस, तर २२ ला रात्री उतरशील. नियमात बसतं, पण अगदी काठावर. मी असतो तर अजून दोन-तीन दिवस सोडले असते. खोली मिळायची असेल तर आठवडाभर आधी आलं तरी पुरतं.

तिकीट शोधताना उतरण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात -1 लिहिलेलं असतं. आपल्याला +1 ची सवय, त्यामुळे नजर त्यावरून घसरते. काही साइट्स पूर्ण प्रवास एका ओळीत दाखवतात, तेव्हा मुंबईची २१ आणि लॉस एंजेलिसची २१ एवढंच दिसतं आणि मधली गंमत कळतच नाही. शेवटच्या विमानाचा तपशील उघडून बघ.

हॉटेलमध्ये माझी फजिती झाली होती. मीही असाच रात्री उतरलो आणि बुकिंग दुसऱ्या दिवसापासूनचं. बॅगा घेऊन पोहोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते, मला वाटलं तारीख लागली. काउंटरवरची बाई म्हणाली, तुमची खोली दुपारी तीनला. हॉटेलच्या हिशेबात मध्यरात्रीनंतरचा पाहुणाही आदल्या रात्रीचाच. सकाळपर्यंत लॉबीतल्या सोफ्यावर काढली. तेव्हा २२ ला रात्री उतरणार असलास तर २२ ची रात्र बुक कर आणि उशिरा येतोय असं कळवून ठेव. घ्यायला कुणी येणार असेल तर त्याला फक्त उतरण्याची तारीख आणि विमानाचा नंबर दे, सुटण्याची तारीख सांगूच नकोस.

परतीला हेच उलटं होतं. १० तारखेला रात्री ११.५५ ला लॉस एंजेलिसहून निघालास तर हाँगकाँगला १२ च्या पहाटे उतरशील. ११ तारखेला घरी काही कार्य असेल तर ते बुडालं म्हणून समज.