डीपी बदलला की डीपी बदलली?

प्रश्न: आमची कंपनी विहिरी-बोअरसाठी पाणबुडी मोटर बनवते आणि बहुतेक ग्राहक मराठवाड्यातले शेतकरी आहेत. नव्या पोस्टसाठी एक ओळ केली आहे: "डीपी बदलायला दोन सेकंद पुरतात, मग मोटर बदलायला एवढा विचार कशाला?" ऑफिसातली तरुण मुले हसली, पण एक वयस्कर वितरक म्हणाले की ही थट्टा शेतकऱ्याला झोंबेल. एकाच ओळीचा अर्थ वयानुसार खरेच असा बदलतो का, आणि ते आधी कसे ओळखायचे?

वितरकांचे म्हणणे बरोबर आहे, फक्त त्याचे कारण वयाच्या थोडे पलीकडे आहे. तुमच्या ओळीतला "डीपी" हा एक शब्द नाही, योगायोगाने सारखे दिसणारे दोन शब्द आहेत. एक "डिस्प्ले पिक्चर"चे लघुरूप, म्हणजे व्हॉट्सॲपवर नावाशेजारी दिसणारे चित्र. दुसरा शब्द गावाच्या शिवारातला. वीजवाहिनीचे काम करणारी माणसे दोन खांबांच्या सांगाड्याला डबल पोल, म्हणजे डीपी म्हणतात, पण गावात त्या सांगाड्यावर बसलेले रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच डीपी म्हणून ओळखला जातो. वर्तमानपत्रात "रोहित्र जळाले" अशी बातमी छापून येते, आणि ती वाचणारा शेतकरी शेजाऱ्याला "डीपी जळाली" असेच सांगतो.

या दोन शब्दांचे लिंगही बहुधा निराळे असते. चित्राचा डीपी सहसा पुल्लिंगी असतो: "डीपी बदलला", "तिचा डीपी पाहिला का". रोहित्राची डीपी आमच्या भागात स्त्रीलिंगी ऐकू येते: "डीपी जळाली", "डीपी बसवली". काही गावांत "डीपी जळाला" असेही म्हणतात, त्यामुळे हा नियम काटेकोर नाही, तरी क्रियापदाच्या शेवटावरून ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा दिशा मिळते. तुमच्या ओळीत मात्र "बदलायला" हे रूप आहे आणि त्यावर लिंगाची कोणतीही खूण नाही. कोटी करणाऱ्याला ते सोयीचे असते, कारण कोटी त्या झाकलेल्या लिंगावरच उभी राहते. पण ज्याच्याकडे दोनपैकी एकच शब्द आहे त्याला थांबवणारी एकमेव पाटीही त्याच रूपाने काढून घेतलेली असते.

आता वयाकडे येऊ. चित्राच्या अर्थाचा डीपी व्हॉट्सॲपच्या पडद्यावर कुठेच छापलेला नसतो, तिथे "प्रोफाइल फोटो" असे असते. म्हणजे हा शब्द वाचून येत नाही, तो मित्रमंडळींच्या तोंडून यावा लागतो. ज्याचे व्हॉट्सॲप नातवाने सुरू करून दिले आणि जो ते बाजारभाव, हवामान आणि सोयरिकीचे निरोप यांपुरते वापरतो, तो रोज तिथे असूनही या शब्दापासून दूर राहू शकतो; तो त्याला नुसता "फोटो" म्हणतो. उलट शहरात वाढलेल्या विशीतल्या मुलीने शिवारातली डीपी कधी ऐकलेली नसते. या दोघांच्या मध्ये गावात राहणारी, मोबाइलवर रुळलेली आणि स्वतः मोटर चालू करायला जाणारी माणसे येतात. दोन्ही शब्द त्यांच्याकडे असतात आणि कोटी पुरती कळते ती त्यांनाच. ऑफिसातली मुले हसली ती बहुधा याच मधल्या गटातली असावीत, किंवा निदान कोटी रचताना दोन्ही अर्थ त्यांच्यासमोर मांडलेले होते.

म्हणून मी अशा ओळीला "हा विनोद कोणाला कळेल?" असे विचारत नाही. ज्याला तो कळणार नाही, त्याच्या हाती कोणते वाक्य उरेल, एवढेच पाहतो. शहरातल्या मुलीच्या हाती उरते ते असे: फोटो चटकन बदलता, तशी मोटरही बदला. विनोद फिका पडला, पण कोणाचे काही बिघडले नाही. ज्याच्याकडे केवळ रोहित्राची डीपी आहे, त्याच्या हाती मात्र "रोहित्र दोन सेकंदांत बदलते" असे वाक्य उरते. ते धडधडीत खोटे आहे, आणि पुढचा "एवढा विचार कशाला?" हा प्रश्न त्याला लागून आल्यावर तो सरळ टोमणा होतो. न कळणे आणि उलटे कळणे यांत फरक करावा लागतो तो इथे. पहिल्यासाठी पोस्ट थांबवण्याचे कारण नाही, दुसऱ्यासाठी आहे.

तो टोमणा एवढा का लागावा, हे मोटर विकणाऱ्यांना सांगायची गरज नसावी, तरी पोस्ट लिहिणारा मुलगा शहरातला असू शकतो म्हणून सांगतो. रब्बीत हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देण्याची वेळ सगळ्यांची एकदमच येते, एका डीपीवर तिला झेपतील त्यापेक्षा जास्त मोटरी चालतात, त्यात आकडे टाकलेले असतात, तेल कमी झालेले असते, आणि ती जळते. मग अर्ज, हेलपाटे, अनेकदा वर्गणी, आणि जळालेली डीपी ट्रॅक्टरवर घालून दुरुस्तीला पोहोचवणे. तोवर पीक डोळ्यांदेखत सुकत असते. या माणसाला "दोन सेकंद" हा आकडा हसायला सांगणे अवघड आहे.

तुमचा प्रश्न वाचल्यावर मी ती ओळ लातूर जिल्ह्यातल्या आमच्या घरी तिघांना वाचून दाखवली. विनोद आहे असे आधी सांगितले नाही, "आवडला का?" असेही विचारले नाही, कारण आपल्याकडे घरचे माणूस विचारते आहे म्हटल्यावर सगळेच "चांगलं हाय की" म्हणतात. मी एवढेच विचारले, "यात कोण कोणाला काय म्हणतंय?" सत्तरी ओलांडलेल्या आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली आणि म्हणाले, "कोण्या गावात दोन सेकंदात बदलायलेत रे डीपी? आपलं बी नाव घाल म्हणावं तिथं." त्यांना ती कंपनीची जाहिरात आहे हे कळले होते, पण कंपनी डीपी बदलून देते की थट्टा करते, याचा उलगडा झाला नव्हता. छत्रपती संभाजीनगरात शिकणाऱ्या पुतणीने "मोटर म्हणजे गाडी का?" असे विचारले, तिची अडचण डीपीची नव्हतीच, आणि हे माझ्या अंदाजात नव्हते. चाळिशीतला भाऊ मोठ्याने हसला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "पण मागल्या साली आपली डीपी अकरा दिवस बंद होती, तव्हा ही पोस्ट आली असती तर म्या बी शिवीच दिली असती."

वयाचे गट हे केवळ हाताशी असलेले माप आहे, असे मला भावाच्या त्या उत्तरावरून वाटते. त्याच्याकडे दोन्ही शब्द आहेत आणि कोटी त्याला पहिल्या झटक्यात कळली, तरीही डीपी जळालेल्या आठवड्यात त्याच्या मनात पुढे येणारा अर्थ एकच असता. त्यामुळे वाचणाऱ्याच्या वयाइतकीच पोस्टची तारीखही पाहावी: जूनमध्ये पेरणीच्या घाईत जी ओळ विसरली जाईल, ती डिसेंबरात पाणी पाळीच्या दिवसांत अंगावर येईल.

तुम्हाला हीच चाचणी करायची असेल तर ऑफिसाबाहेरची सहा माणसे पुष्कळ झाली: विशीतली दोन, चाळिशीतली दोन, साठीपुढची दोन, आणि प्रत्येक जोडीत एक गावात राहणारा व एक शहरातला. जोडीतला हा फरक सांभाळला नाही, तर दोष वयाचा की वस्तीचा हे कळणार नाही. तिघांना ओळ वाचायला द्या आणि तिघांना वाचून दाखवा, कारण अनेक वयस्कर माणसांपर्यंत पोस्ट कोणाच्या तरी आवाजातच पोहोचते आणि अवतरणचिन्ह किंवा हसरा चेहरा ऐकू येत नाही. या सहा जणांवरून किती टक्के लोक चिडतील ते कळत नाही. दुसरा अर्थ जिवंत आहे की नाही, एवढे कळते. एकालाही उलटा अर्थ लागला तर तो आहे असे धरावे. कोणालाच लागला नाही, तर तो नाहीच असे मात्र धरता येत नाही.

पोस्टवर मोबाइलचे चित्र टाकून काम भागेल, असे तुमच्याकडे कोणीतरी म्हणेलच. चित्राने मदत होते, पण गावाच्या ग्रुपवर पुष्कळदा नुसती ओळच टाइप होऊन पुढे जाते, तेव्हा खुलासा ओळीतच असलेला बरा. आणि चित्र घालायचेच तर ज्वालेचे चिन्ह घालू नका. तरुणांत "जाळ" म्हणजे एकदम भारी आणि ज्वाला ही त्याची खूण. पण "जाळ" शर्टाला किंवा मिसळीला शोभतो, मोटरशेजारी ज्वाला दिसली की रिवाइंडिंगचा खर्चच आठवतो. शब्दाचा मूळ अर्थ त्या वस्तूच्या बाबतीत खरोखर घडू शकत असेल, तर नवा अर्थ त्याला झाकू शकत नाही.

ओळ दुरुस्त करायचा सोपा मार्ग म्हणजे "व्हॉट्सॲपचा डीपी" असे लिहिणे. त्यात "चा" आल्याबरोबर लिंग उघडे पडते, धोका जातो, आणि खरे सांगायचे तर विनोदही जवळजवळ जातो. मला दुसरा मार्ग अधिक आवडतो: लिंग झाकण्याऐवजी दोन्ही लिंगे शेजारी ठेवायची, म्हणजे ज्याच्याकडे एकच शब्द आहे त्यालाही दुसरा शब्द ओळीतच भेटतो. मी अशी ओळ केली: "मोबाइलवरचा डीपी सकाळीच बदलला, शेतावरची डीपी कधी बदलणार?" इथे थट्टा शेतकऱ्याची राहत नाही, त्याने सोसलेल्या वाट पाहण्याची होते. अर्थात तिचा रोख वीज कंपनीकडे जातो, आणि तुमचे तिथल्या अभियंत्यांशी कामाचे संबंध असतील तर ती वापरायची की नाही ते तुम्ही ठरवायचे. मोटरचा उल्लेखही पुढच्या ओळीत ढकलावा लागेल.

ही ओळ मी आप्पांना ऐकवली. या वेळी ते हसले आणि त्यांनी एक शब्द दुरुस्त केला: "शेतातली डीपी बदलत नसती, येत असती." खरेच, गावात कोणी "डीपी बदलली का?" असे विचारत नाही, "डीपी आली का?" असे विचारतात. तेव्हा ओळ अशी करा: "मोबाइलवरचा डीपी सकाळीच बदलला, शेतावरची डीपी अजून आली नाही."