दुसरा मॉनिटर मागायचा ईमेल ऑफिस मॅनेजरला कसा लिहू?

"मी अकाउंट्समध्ये क्लार्क आहे, दिवसभर बँक आणि पार्टी रिकन्सिलिएशन. एका स्क्रीनवर खिडक्या बदलून बदलून जीव जातो. ऑफिस मॅनेजर मॅडमना दुसऱ्या मॉनिटरसाठी मेल करायचाय, काय लिहू म्हणजे सरळ नाही म्हणणार नाहीत?"

मेल नंतर लिहा, आधी घड्याळ लावून बसा. हे सांगतोय कारण माझा पहिला मेल दोन ओळींचा होता, "एका स्क्रीनवर काम स्लो होतं, कृपया दुसरा मॉनिटर मिळावा", आणि त्याला "नोटेड" असं एका शब्दाचं उत्तर आलं, पुढे काहीच नाही. आता विचार केला तर मॅनेजरची चूक नव्हती, स्लो म्हणजे किती स्लो हे मीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्यांदा मी काय केलं ते सांगतो. बँक स्टेटमेंट आणि लेजर यातल्या ज्या एंट्र्या चेक नंबर आणि रकमेवरून आपोआप जुळतात त्या आधी बाजूला काढल्या, कारण तिथे दुसऱ्या स्क्रीनचा काडीचा उपयोग नाही, ते काम सॉफ्टवेअर किंवा एक्सेलचा फॉर्म्युलाच करतो. उरलेल्या, म्हणजे डोळ्यांनी बघून जुळवाव्या लागणाऱ्या एंट्र्यांतल्या तीस घेतल्या आणि एका स्क्रीनवर वेळ लावली, ४१ मिनिटं लागली. मग मीटिंग रूममधला मॉनिटर दुपारपुरता मागून घेतला आणि दुसऱ्या तीस एंट्र्या दोन स्क्रीनवर केल्या, २९ मिनिटं. त्याच तीस परत करू नका हं, पहिल्यांदा करताना अर्धी उत्तरं डोक्यात बसलेली असतात, मग दुसऱ्यांदाचा वेळ उगाच कमी येतो आणि कोणी विचारलं तर तोंडघशी पडाल. त्याच खात्यातल्या, साधारण तेवढ्याच किचकट अशा दुसऱ्या तीस घ्या.

म्हणजे एका एंट्रीला ८२ सेकंद होते ते ५८ वर आले, २४ सेकंद वाचले. महिन्याला हाताने जुळवायच्या एंट्र्या बँकेच्या दीडशे आणि पार्टी स्टेटमेंटच्या दोनशे साठ, एकूण ४१०. गुणाकार केला तर २ तास ४४ मिनिटं. खरं सांगू का, हा आकडा बघून मीच जरा हिरमुसलो होतो, मला वाटलेलं दोन-तीन दिवस तरी वाचत असतील. पण मी तो फुगवला नाही, तुम्ही पण फुगवू नका. मॅनेजर लोकांना "५० टक्के वेळ वाचेल" हे वाक्य रोज कोणी ना कोणी ऐकवतं, पावणेतीन तास असा साधा आकडा आला की तो मोजलेला आहे हे लगेच कळतं. शिवाय हे पावणेतीन तास महिनाभर पसरलेले नसतात, ते सगळे महिनाअखेरच्या क्लोजिंगच्या दोन-तीन दिवसांत येतात, जेव्हा मॅनेजर स्वतः रिपोर्टसाठी तुमच्या टेबलाशी येऊन "झालं का" विचारत असतात. मेलमध्ये जोर इथे द्या.

आता वेळ नक्की कुठे जातो ते एका उदाहरणाने दाखवा, कारण ज्याने रिकन्सिलिएशन केलेलं नाही त्याला ते फक्त टिकमार्क करणं वाटतं. माझं उदाहरण असं होतं, बँकेत एकच जमा दिसते ४६,३५० आणि लेजरमध्ये त्या रकमेची एकही एंट्री नाही. पार्टीचा पेमेंटचा मेल उघडला तर कळतं की तीन बिलांचे पैसे एकदम टाकलेत, १८,२००, २१,६५० आणि ६,५००. म्हणजे ही एक ओळ जुळवायला स्टेटमेंट, लेजर आणि तो मेल अशा तीन खिडक्या एकावेळी लागतात. एका स्क्रीनवर तुम्ही मेलमध्ये रक्कम वाचता, ऑल्ट-टॅब करता, मधेच भलतीच खिडकी समोर येते, परत ऑल्ट-टॅब, आणि लेजरवर पोचेपर्यंत २१,६५० होते की २१,५६० हे डोक्यातून गेलेलं असतं, मग परत मागे.

आणि हे डोक्यातून जाणं फक्त वेळ खात नाही, चुका पण करतं. एकदा माझ्याकडून ७,८२० च्या जागी ७,२८० पडले, शेवटी फरक ५४० चा येत होता आणि मी अर्धा दिवस ५४० ची एंट्री शोधत बसलो जी कुठे नव्हतीच. नंतर एका सीनियर ताईंनी सांगितलं की फरकाला नऊने भाग जातोय का बघ, जात असेल तर बहुतेक कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटे पडलेत. ५४० ला नऊने भाग जातो, साठ येतात. (नेहमीच हेच कारण असेल असं नाही, नऊने भाग जाणारी एखादी एंट्री राहूनही गेलेली असू शकते, पण पहिला संशय तिथे घ्यायचा.) तुमच्याकडे अशी एखादी चूक झाली असेल तर ती मेलमध्ये एका ओळीत लिहा, लाजू नका, आकडा लक्षात ठेवून टाईप करावा लागतो म्हणून झाली हे कारण खरंच आहे.

मॅडम एक प्रश्न नक्की विचारणार, "स्क्रीन अर्धी अर्धी करून का नाही करत?" याचं उत्तर मेलमध्येच देऊन टाका. माझी स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची होती, अर्धी केली की प्रत्येक बाजूला ६८३ पिक्सेल उरतात, त्यात तारीख, व्हाउचर नंबर, नॅरेशन, नावे, जमा, शिल्लक एवढे कॉलम बसतच नाहीत. नॅरेशन अर्धं कापलं जातं आणि नेमका चेक नंबर किंवा पार्टीचं नाव तिथेच शेवटी असतं, मग आडवं सरकवत बसा. मी या अर्ध्या स्क्रीनचा एक स्क्रीनशॉट काढून मेलला जोडला होता, माझ्या मते सगळ्या मेलमध्ये सगळ्यात जास्त काम त्याने केलं. फक्त पाठवायच्या आधी त्यातली पार्टीची नावं आणि खाते नंबर झाकून टाका. तुमची स्क्रीन मोठी असेल, २७ इंची वगैरे चांगल्या रिझोल्युशनची, तर मात्र आधी अर्धी करून खरंच बघा, त्यात भागत असेल तर दुसऱ्या मॉनिटरची मागणी टिकणार नाही.

अजून एक, मेलच्या आधी कॉम्प्युटरच्या मागे वाकून बघा कोणते पोर्ट आहेत. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट रिकामा असेल तर प्रश्न नाही. स्टोअरमधला जुना मॉनिटर फक्त व्हीजीएवाला असेल आणि तुमच्याकडे एचडीएमआय असेल तर नुसती केबल चालत नाही, मधे कन्व्हर्टर लागतो, आणि तो घेताना दिशा बघून घ्यायचा, एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा, उलटा आणला की पडदा काळाच राहतो. हे मेलमध्ये एका वाक्यात आलं की मॅडमना आयटीला विचारत बसावं लागत नाही, आणि मॅडमच्या टेबलावरून आयटीकडे गेलेला मेल परत कधी येतो ते तुम्हाला माहीतच असेल.

माझा दुसरा मेल साधारण असा होता, तुमचे आकडे टाकून घ्या, माझे कॉपी करू नका:

विषय: रिकन्सिलिएशनसाठी दुसरा मॉनिटर, दोन आठवड्यांची ट्रायल

मॅडम,
बँक आणि पार्टी रिकन्सिलिएशनमध्ये दर महिन्याला साधारण ४१० एंट्र्या हाताने जुळवाव्या लागतात. मी तीस-तीस एंट्र्यांची वेळ मोजली. एका स्क्रीनवर ४१ मिनिटं लागली, मीटिंग रूमचा मॉनिटर जोडून २९ मिनिटं. या हिशोबाने महिन्याला सुमारे पावणेतीन तास वाचतात आणि ते सगळे क्लोजिंगच्या दिवसांतले आहेत, त्यामुळे रिकन्सिलिएशन आपल्याला दोन-अडीच तास तरी आधी देता येईल असं वाटतं.
स्क्रीन अर्धी करून पाहिली, पण नॅरेशनचा कॉलम कापला जातो, स्क्रीनशॉट जोडला आहे. गेल्या महिन्यातला ५४० चा फरक रक्कम लक्षात ठेवून टाईप करताना झालेल्या चुकीचा होता.
नवीनच मॉनिटर हवा असं नाही, स्टोअरमधला जुना चालेल. माझ्या कॉम्प्युटरला एचडीएमआय पोर्ट रिकामा आहे. पुढच्या क्लोजिंगपुरता दोन आठवडे देऊन बघावा, फरक पडला नाही तर मी परत करेन.
आपली परवानगी असेल तर सोमवारी जोडून घेतो.

शेवटची ओळ मुद्दाम तशी आहे. "कृपया विचार व्हावा" लिहिलं की विचारच होत राहतो, इथे त्यांना फक्त "हो" टाईप करायचंय. आणि ट्रायल म्हटल्यावर "तुला दिला तर सगळे मागतील" हा मुद्दा पण थोडा बोथट होतो, तरी मला तो विचारला गेलाच, मी म्हटलं ज्यांना हवाय त्यांनी पण तीस एंट्र्या मोजून दाखवाव्यात, मॅडम हसल्या. क्लोजिंग झाल्यावर परत मोजा मात्र, आणि मॅडमनी विचारायच्या आधी आकडा स्वतःहून कळवा. माझे खरे आले सव्वादोन तास, पावणेतीन नाही, तेवढेच लिहून पाठवले, मॉनिटर कोणी परत मागितला नाही.

जोडताना सेटिंगमध्ये Extend निवडा, Duplicate राहिलं तर दोन्हीकडे एकच चित्र दिसेल आणि शेजारचा विचारेल की याच्यासाठी एवढा मेल केलास का. डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन्ही स्क्रीनचे चौकोन टेबलावर आहेत त्याच क्रमाने ओढून ठेवा, नाहीतर माउस डावीकडे नेला की उजवीकडून बाहेर येतो, मी पहिले दोन दिवस तसाच काढलेत. लेजर, म्हणजे ज्यात टाईप करता ते, बरोबर समोर आणि स्टेटमेंट बाजूच्या स्क्रीनवर ठेवा, दोन्ही मधे जोडून ठेवले की मान दिवसभर वाकडी राहते.